एकाच बोअरचे दोन आकडे: पाण्यातलं क्लोराइड वजनाने कसं मोजतात

पलूस तालुक्यातले आमचे तात्या गेल्या महिन्यात दोन कागद घेऊन घरी आले. दोन्ही कागद एकाच बोअरच्या पाण्याचे. एकाच दिवशी, एकाच बादलीतून दोन बाटल्या भरून त्यांनी दोन वेगळ्या प्रयोगशाळांत दिल्या होत्या. एका अहवालात क्लोराइड लिटरला ६०५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ६९०.

"सर, पाणी एकच, बादली एकच. मग ह्यातलं खरं कुठलं मानायचं?"

तात्यांची ही चौकशी उगाच नव्हती. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजलं गेलं आणि निचरा मात्र झाला नाही. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात कित्येक रानांत मीठ फुटलंय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तात्यांनी दोन एकरांत जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याची सोय केली आहे. पुढच्या वर्षी पाण्यातलं मीठ किती उतरलं हे त्यांना बघायचंय. आता मोजमापातच ८५ मिलिग्रॅमची तफावत असेल, तर पुढच्या वर्षी आकडा ४० ने उतरला तरी तो पाइपामुळे उतरला की प्रयोगशाळा बदलल्यामुळे, हे कळणार कसं?

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवतो. क्लोराइड मोजायची एक जुनी, सावकाश, पण स्वतःच्या पायावर उभी असलेली रीत आहे. तिच्यात रंग ओळखायचा नसतो आणि यंत्राला आधी काही शिकवावंही लागत नाही. पाण्यातलं क्लोराइड घन स्वरूपात बाहेर काढायचं आणि तराजूवर ठेवायचं. तात्यांचं पाणी मी त्या रीतीने मोजलं. कसं मोजलं, आणि त्यात मिलिग्रॅम कुठे हरवतात, कुठे फुकटचे वाढतात, ते इथे लिहितोय.

आधी हे क्लोराइड म्हणजे काय

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात, सोडियम आणि क्लोराइड. आपल्या भूजलातलं क्लोराइड कधी सोडियमच्या, कधी कॅल्शियमच्या, कधी मॅग्नेशियमच्या सोबतीने आलेलं असतं. जोडीदार कोणी का असेना, क्लोराइड सगळीकडे सारखंच वागतं.

आणि चांदी दिसली की ते तिला धरून बसतं. सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा पाण्यात सहज विरघळणारा क्षार आहे. त्याचं द्रावण खारट पाण्यात टाकलं की चांदी आणि क्लोराइड एकत्र येऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, आणि हे मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पांढरं होऊन खाली बसतं. अशा रीतीने द्रावणातून बाहेर पडलेल्या घन पदार्थाला पुस्तकात अवक्षेप म्हणतात. मी पुढे साका म्हणेन.

सिल्व्हर क्लोराइडच्या १४३.३२ भागांत क्लोराइड ३५.४५ भाग असतं. म्हणजे साक्याच्या वजनाला ०.२४७४ ने गुणलं की क्लोराइडचं वजन मिळतं. हे प्रमाण कोणत्याही प्रयोगशाळेत बदलत नाही. म्हणून सगळा प्रश्न एवढ्यावर येऊन थांबतो की तराजूवर जे ठेवलं ते सगळंच्या सगळं सिल्व्हर क्लोराइड आहे का, आणि सिल्व्हर क्लोराइडखेरीज त्यात दुसरं काही नाही ना.

साका पाडताना घाई का नको

तात्यांच्या पाण्यातून पिपेटने मोजून १०० मिली घेतलं, ४०० मिलीच्या बीकरमध्ये ओतलं आणि ऊर्ध्वपातित पाण्याने १५० मिलीपर्यंत नेलं. त्यात संहत नायट्रिक आम्ल १ मिली टाकलं. आपल्या भागातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे आम्ल पडताच बारीक बुडबुडे दिसतात. या आम्लाचं काम मोठं आहे. चांदी नुसत्या क्लोराइडलाच धरते असं नाही. कार्बोनेट आणि फॉस्फेटलाही धरते, आणि ते साकेही खाली बसतात. आम्ल असलं की ते बसत नाहीत, एकटं क्लोराइडच बसतं. आम्ल विसरलात तर वजन फुगणार.

मग सिल्व्हर नायट्रेटचं ०.१ मोलर द्रावण, थंड पाण्यातच, हळूहळू ढवळत. आम्ल घातलेलं पाणी चांदी पडण्याआधी तापवायचं नाही. गरम आम्लात सुटं क्लोराइड हायड्रोजन क्लोराइड होऊन वाफेबरोबर उडतं, आणि नायट्रिक आम्ल त्यातल्या काहीचा क्लोरीन वायूही करू शकतं. चांदीने एकदा धरलं की ही भीती सरते.

चांदी किती घालायची? तात्यांच्या दोन कागदांतला मोठा आकडा धरला, ६९०, तर १०० मिली पाण्याला साधारण १९.५ मिली द्रावण लागतं. मी २१ मिली घातलं. थोडी चांदी जास्त असलेली हवीच, कारण सिल्व्हर क्लोराइड "जवळजवळ" विरघळत नाही असं मी वर म्हटलं, पण अगदीच विरघळत नाही असं नाही. २५ अंशाला शुद्ध पाण्यात ते लिटरला १.९ मिलिग्रॅम विरघळतं. द्रावणात आधीच चांदी शिल्लक असेल तर ही विरघळण्याची ओढ खूप दबते. माझ्या बीकरमध्ये जादा चांदीमुळे विरघळून राहिलेला साका एका मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. तेवढं माझ्या तराजूला दिसतही नाही. पण म्हणून दुप्पट चांदी ओतायची नाही. फार जास्त झाली तर साक्याच्या आत सिल्व्हर नायट्रेट अडकून बसतं, आणि ते धुऊन निघणं अवघड जातं.

दूध फाटल्यासारखं का दिसतं

चांदी पडली की पाणी आधी दुधासारखं होतं. त्यात साका असतो, पण इतका बारीक की तरंगतच राहतो आणि कोणत्याही गाळणीतून निघून जातो. का? प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर जादा चांदीचे धनभारित आयन चिकटलेले असतात. सगळ्या कणांवर एकाच जातीचा भार, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत.

दुधातल्या केसीनच्या कणांचंही असंच असतं. त्यांच्यावर ऋण भार असतो, लिंबू पिळलं की तो निघून जातो आणि दूध फाटतं. इथे मात्र भार जात नाही. द्रावणात आम्ल आणि क्षार असले की कणाभोवती उलट भाराच्या आयनांची गर्दी दाटते, एकमेकांना ढकलण्याचा पल्ला कमी होतो, आणि तापवून ढवळलं की कण एकमेकांवर आदळून चिकटतात. मी बीकर उकळीच्या थोडं अलीकडेपर्यंत तापवलं आणि काचकांडीने ढवळत राहिलो. पाच-सात मिनिटांत दुधट पाणी स्वच्छ झालं आणि तळाशी दह्याच्या गुठळ्यांसारखा साका बसला. उकळी फुटू द्यायची नाही. उकळीत थेंब उडतात, आणि उडालेल्या प्रत्येक थेंबाबरोबर मोजायचं क्लोराइडही जातं.

वरच्या निवळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहिले. जिथे थेंब पडला तिथे ढग दिसला असता तर चांदी कमी पडली, असं समजायचं. ढग दिसला नाही. मग बीकर झाकून दोन तास अंधाऱ्या कपाटात ठेवलं. एवढ्या वेळात कण आणखी जमतात आणि द्रावण खोलीच्या तापमानाला येतं. गरम असतानाच गाळायचा मोह होतो, पण १०० अंशाच्या आसपास शुद्ध पाण्यात सिल्व्हर क्लोराइड लिटरला सुमारे २१ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे थंड पाण्याच्या दसपटीहून जास्त.

कपाट अंधारं कशाला

सिल्व्हर क्लोराइड उजेडात फुटतं. क्लोरीन उडून जातं आणि मागे चांदीचे अतिसूक्ष्म कण राहतात, त्यांनी साक्याला आधी फिकट जांभळी छटा येते, पुढे तो करडा-जांभळा होतो. जुन्या काळचा छायाचित्राचा कागद याच गुणावर चालायचा.

यात एक बारकावा आहे. विद्यार्थ्यांना तो मी दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवतो, कारण चूक एकच असली तरी ती दोन उलट दिशांना जाते. साका कोरडा असताना, किंवा धुऊन चांदी निघून गेल्यावर उजेड लागला, तर क्लोरीन जातं ते जातंच आणि वजन घटतं. माझ्या साक्यातला शंभरातला एक भाग असा फुटला असता तर वजन ०.६४ मिलिग्रॅमने कमी भरलं असतं. पण साका अजून बीकरमध्ये, जादा चांदीच्या द्रावणात असताना उजेड लागला, तर सुटलेलं क्लोरीन पाण्याशी संयोग पावतं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं, आणि ते द्रावणातली ताजी चांदी धरून नवा साका पाडतं. फुटलेल्याची चांदी तर तळाशी पडलेलीच आहे. म्हणजे वजन वाढतं!

म्हणून नुसतं "जांभळं झालं, आकडा कमी येईल" असं म्हणून चालत नाही. कोणत्या पायरीवर जांभळं झालं हे विचारावं लागतं. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या ओट्यावर हा प्रयोग मी करू देत नाही. ट्यूबलाइटच्या मंद उजेडात भरभर काम केलं तर साका पांढराच राहतो, फार तर वरच्या थराला किंचित छटा येते.

गाळायला कागद का नाही

घरच्या श्रीखंडाला चक्का कापडात बांधतात, पण कापडाचं वजन कोणी धरत नाही. इथे गाळणीसकट तोलायचं असतं. कागदाची गाळणी घेतली तर साका कागदातून सोडवता येत नाही, कागद जाळावा लागतो, आणि जळताना त्याचा कोळसा सिल्व्हर क्लोराइडमधल्या काही भागाची चांदी करून टाकतो. म्हणून तळाला सच्छिद्र काचेची चकती असलेली मूस वापरतात. प्रयोगशाळेत तिला सिंटर्ड क्रूसिबल म्हणतात. बारीक छिद्रांची, जी-४ दर्जाची घ्यायची.

ही मूस वापरण्याआधी तिलाही साक्याइतकंच तापवून, थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत तोलायचं. माझ्या रिकाम्या मुशीचं वजन ३०.२१४६ ग्रॅम भरलं. एकदा तोलल्यावर तिला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायची. बोटाच्या तेलाघामाचंही या तराजूवर वजन दिसतं.

मूस निर्वात पंपाच्या बाटलीवर बसवली. आधी नुसती वरची निवळी काचकांडीवरून ओघळत ओतली, साका बीकरमध्येच ठेवला.

धुवायला साधं पाणी चालत नाही का

शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी साका शुद्ध पाण्याने धुतला होता. पाणी जितकं शुद्ध तितकं धुणं चांगलं, असा माझा समज. पहिल्या दोन धुण्यांना काही झालं नाही. तिसऱ्या वेळी मुशीखालून उतरणारं पाणी दुधट दिसलं. साका गाळणीतून चालला होता, आणि तो परत मिळवता येत नव्हता. सगळं नव्याने करावं लागलं.

झालं असं होतं की शुद्ध पाण्याने कणांभोवतीची ती आयनांची गर्दीच धुऊन काढली होती. कणांवरचा चिकटलेला भार मात्र तसाच होता. गर्दी गेली, कण पुन्हा एकमेकांना ढकलू लागले, गुठळ्या सुटल्या आणि बारीक कण चकतीच्या छिद्रांतून निसटले.

म्हणून धुण्याच्या पाण्यात काहीतरी आयन असलेच पाहिजेत. मीठ घालता येत नाही, कारण मीठ म्हणजे क्लोराइड. दुसरा कुठला क्षार घातला तर तो साक्यात वाळून वजनात भर घालील. यावर उपाय म्हणजे अगदी पातळ नायट्रिक आम्ल, ०.०१ मोलर. ते धुताना गुठळ्या धरून ठेवतं आणि भट्टीत उडून जातं, मागे काहीच ठेवत नाही. गुठळ्या जपणं आणि नंतर मागे न उरणं, या दोन्ही गोष्टी एकाच पदार्थात सापडल्या, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

किती वेळा धुवायचं? लोणच्याची बरणी एकदाच तुडुंब भरून ओतण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्याने तीनदा विसळली तर जास्त स्वच्छ होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. इथेही तेच. समजा निवळी ओतल्यावर साक्यात २ मिली द्रावण अडकून राहतं. एकदम ७५ मिलीने धुतलं तर अडकलेल्या चांदीचा सुमारे चाळिसावा भाग मागे राहतो. त्याच ७५ मिलीचे २५-२५ चे तीन भाग केले, तर राहतात दहा हजारांतले चार भाग. पाणी तेवढंच, स्वच्छता साठपट.

बीकरमध्येच तीनदा असं विसळून, दरवेळी निवळी ओतून, मग साका मुशीत उतरवला. बीकरच्या काचेला पातळ पापुद्रा चिकटून राहतो, डोळ्यांना तो सहज दिसत नाही. काचकांडीच्या टोकाला रबराची टोपी लावून सगळी भिंत खरडून घ्यायची आणि धुऊन ते पाणीही मुशीतून जाऊ द्यायचं. मुशीत साक्यावर आणखी दोन-तीनदा थोडं थोडं पातळ आम्ल. शेवटच्या धुण्याचं पाणी परीक्षानळीत धरून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. पांढरा ढग दिसला नाही, म्हणजे चांदी निघाली. तिथेच थांबलो.

थांबणंही महत्त्वाचं आहे. धुणारं द्रावण थोडा थोडा साका विरघळवतच असतं. जादा चांदी धुऊन गेली की तिचा दाबही जातो. २०० मिली थंड पाणी साक्याला पुरेपूर मुरलं तर जास्तीत जास्त ०.४ मिलिग्रॅम साका नेईल, तेवढंच उकळतं पाणी ४ मिलिग्रॅम नेईल. पहिला तोटा सोसण्यासारखा आहे, दुसरा नाही. म्हणून धुवायचं थंड, आणि लागेल तेवढंच.

सगळं झाल्यावर गाळलेलं पाणी फेकलं नाही. ते झाकून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी काही दिसलं असतं तर साका निसटला असं कळलं असतं. तळ स्वच्छ होता.

वाळलं हे कशावरून ठरवायचं

तासगावच्या बेदाणा शेडवर मण्यांना हात लावून वाळले की नाही ते सांगणारे जाणते लोक आहेत. साक्याला हात लावता येत नाही. तो दिसायला कोरडा असला तरी आत ओल असते, आणि ओल म्हणजे वजन. "एक तास तापवलं" एवढ्याने ओल गेल्याचं सिद्ध होत नाही. म्हणून घड्याळाऐवजी तराजूला विचारायचं. तापवा, थंड करा, तोला. पुन्हा तापवा, थंड करा, तोला. वजन हलायचं थांबलं की वाळलं. यालाच स्थिर वजन म्हणतात.

आधी मूस १०५ अंशाला ठेवली, मग १३० ते १५० अंशांत एक तास. एकदम तापवलं तर अडकलेलं पाणी तडतडून कण उडतात. मग शोषकपात्रात, म्हणजे तळाशी ओल पिणारा पदार्थ असलेल्या झाकणबंद काचपात्रात, अर्धा तास थंड केली. गरम मूस तराजूवर ठेवली तर तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. उघड्यावर थंड केली तर ती हवेतली ओल घेते. पावसाळ्यात सांगलीच्या हवेत हा फरक लगेच दिसतो.

पहिलं वजन ३०.४७५१ ग्रॅम. अर्धा तास पुन्हा तापवल्यावर ३०.४७३७. म्हणजे पहिल्या तासानंतरही निदान १.४ मिलिग्रॅम पाणी आत होतं. पहिल्याच वजनावर थांबलो असतो तर तात्यांच्या आकड्यात लिटरला निदान साडेतीन मिलिग्रॅमची खोटी भर पडली असती. तिसऱ्यांदा ३०.४७३५. दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमहून कमी फरक आला, इथे थांबायचं.

कोणी विचारील, इतकं तापवूनही पाणी सगळं जातं का? अगदी शेवटचा अंश जात नाही. तो काढायचा तर सिल्व्हर क्लोराइड ४५५ अंशाला वितळवावं लागतं. पण राहिलेल्या ओलीमुळे होणारी चूक साधारण दहा हजारांतला एक भाग, म्हणजे माझ्या साक्यात ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास. पाण्याच्या तपासणीत तिची काळजी करायचं कारण नाही.

आता हिशोब. ३०.४७३५ मधून ३०.२१४६ वजा, साका ०.२५८९ ग्रॅम. गुणिले ०.२४७४, क्लोराइड ०.०६४०५ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ६४.०५ मिलिग्रॅम. लिटरला ६४०. शेजारीच दुसऱ्या मुशीत तेच पाणी सुरुवातीपासून वेगळं केलं होतं, तिथे साका ०.२५८५ ग्रॅम भरला, लिटरला ६३९ ते ६४० च्या दरम्यान. दोन मुशी एवढ्या जवळ आल्या म्हणून मी तात्यांना आकडा सांगायला धजावलो. नुसत्या एका मुशीवर सांगितला नसता.

मग दोन्ही प्रयोगशाळा खोट्या का

तसं नाही. नेहमीच्या तपासणीत क्लोराइड टायट्रेशनने मोजतात. तीच चांदी ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडायची, पाण्यात थोडं पोटॅशियम क्रोमेट घालून ठेवायचं, आणि क्लोराइड संपलं की उरलेली चांदी क्रोमेटशी मिळून विटकरी छटा देते. दहा मिनिटांचं काम. मी सांगितलेल्या रीतीला दीड दिवस लागतो. रोज पन्नास नमुने येणाऱ्या ठिकाणी टायट्रेशनच करायला हवं.

पण छटा कोणाला कधी दिसते, यात माणसागणिक फरक पडतो. पिवळ्या पाण्यात विटकरी झाक नीट दिसावी म्हणून कोणी थोडं पुढे जातं, आकडा वाढतो. कोणी आधीच थांबतं, आकडा घटतो. पाणी आम्लधर्मी असेल तर छटा उशिरा येते. चांदीच्या द्रावणाची ताकद बरेच दिवसांत तपासली नसेल तर सगळेच आकडे एका बाजूला सरकतात. तात्यांच्या कागदांत यातलं नेमकं कोणतं घडलं ते मला त्या दोन कागदांवरून सांगता येणार नाही. ६०५ आणि ६९० यांची सरासरी ६४० च्या जवळपास येते म्हणून सरासरी काढणं बरं, असंही नाही. हा योगायोग आहे.

वजनाची रीतसुद्धा सगळं ओळखते असं नाही. पाण्यात ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर चांदी त्यांनाही धरते, आणि ते क्लोराइडच्या खात्यात मोजलं जातं. सल्फाइड असेल, म्हणजे बोअरच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास असेल, तर काळा साका पडतो. तात्यांच्या पाण्याला वास नव्हता आणि साका पांढराशुभ्र होता.

तात्यांच्या हातात काय आलं

द्राक्षाला हे पाणी चालेल का, एवढाच प्रश्न असता तर दीड दिवस घालवायची गरज नव्हती. क्लोराइडला नाजूक असलेल्या पिकांना पाटाने पाणी देताना लिटरला साधारण १४० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नसते आणि ३५५ च्या पुढे धोका मोठा असतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं मार्गदर्शन आहे. ६०५, ६४०, ६९० तिन्ही त्या रेषेच्या कितीतरी पुढे आहेत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २५० पर्यंत चांगलं म्हणतं, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १००० पर्यंत चालवून घेतं. त्या दृष्टीनेही तिन्ही आकडे एकाच खान्यात पडतात.

फरक पडतो तो पुढच्या वर्षी. वजनाने ६४० हा पाया मिळाला. पाइपाने निचरा होऊन आकडा ६०० वर आला, तर ते ४० मिलिग्रॅम माझ्या दोन मुशींमधल्या फरकाच्या कितीतरी पट आहेत, ते खरे मानता येतील. कागदांवरचे ४० मानता आले नसते.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दरसाल तुमच्याकडंच आणू का पाणी?"

मी म्हटलं, दरवेळी नको. जवळच्या एकाच प्रयोगशाळेत द्या, पण प्रत्येक वेळी दोन बाटल्या द्या. एक नव्या पाण्याची, आणि एक या आजच्या ६४० च्या पाण्याची, वर काही न लिहिता. आजचं पाणी मी पाच लिटर भरून, झाकण घट्ट लावून ठेवलंय. क्लोराइड काही कुजत नाही की उडून जात नाही, पाणी आटलं नाही म्हणजे झालं. त्या बाटलीचा आकडा ६४० च्या जवळ आला तर नव्या पाण्याच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा. ६९० आला, तर शेजारच्या आकड्यातही तेवढ्याच प्रमाणात भर पडली असण्याची शक्यता धरायची आणि पुन्हा मोजायला सांगायचं.

तात्यांनी कॅनवर तारीख आणि "६४०" असं मार्करने लिहिलं आणि पाण्याच्या पातळीशी एक रेघ मारली. पातळी रेघेखाली गेली तर पाणी आटलं असं समजायचं. आता कॅनमधून बाटली भरून घेतली की त्यांना तिथे नवी रेघ मारावी लागेल, तेवढं मात्र मी त्यांना दोनदा बजावलं.